आईचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असताना बाळाला अंगावर पाजावं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही परभणी जिल्ह्यातले. मुलगी साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावरच्या दुधावर. ती दोन महिन्यांची असताना बायकोचं रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल 262 आलं. माझ्या सासऱ्यांना 46 व्या वर्षी अटॅक आला होता. आता घरात सगळे म्हणतात, दुधातून पोरीलाही कोलेस्टेरॉल जाणार, डब्याचं दूध सुरू करा. बाळाची तपासणी करू का? माझी आई म्हणते सहाव्या महिन्यापासून वरणभातात तूप घाला. ते घालावं का? मुलीचं वजन जन्मताना 2 किलो 700, आता 6 किलो. मेहुणा 31 वर्षांचा आहे, त्यानं कधी काही तपासलेलं नाही. रिपोर्ट सोबत पाठवतो.

उत्तर:

दूध बंद करू नका. डबा आणू नका. बाळाचं रक्त आत्ता काढू नका. आणि हो, सहा महिने पूर्ण झाले की तूप घाला. मात्र तुमच्या पत्नीचा रिपोर्ट बाजूला ठेवून देण्यासारखा नाही, त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो.

आधी दुधाचं. दुधातून बाळाला कोलेस्टेरॉल जातं, हे तुमच्या घरचे म्हणतात ते खरंच आहे. प्रत्येक आईच्या दुधातून जातं, आईचा रिपोर्ट कसाही असो. पिकलेल्या दुधात, म्हणजे चिकाचे दिवस संपल्यावरच्या दुधात, दर 100 मिलीमागे साधारण 10 ते 20 मिलीग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. तुमची मुलगी दिवसाला अंदाजे 750 मिली दूध पीत असेल. 15 चा आकडा धरला तर तिच्या पोटात रोज 110 मिलीग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल जातं. आता हे तिच्या वजनाशी ताडून पाहा. सहा किलोच्या जिवाला 110 म्हणजे किलोमागे 18 मिलीग्रॅम. साठ किलोचा माणूस रोज 300 मिलीग्रॅम खात असेल तर त्याचे किलोमागे 5 होतात. म्हणजे तुमची मुलगी किलोमागे तुमच्या तिपटीहून जास्त कोलेस्टेरॉल पिते आहे आणि तिचं वजन साडेचार महिन्यांत दुपटीच्या वर गेलंय. हे अगदी जसं व्हायला हवं तसंच चाललं आहे.

चरबीचा हिशोब तर याहून मोठा आहे. आईच्या दुधात चरबी साधारण 4 टक्के. 750 मिलीत 30 ग्रॅम. त्यातून 270 कॅलरी मिळतात आणि तिच्या दिवसभराच्या कॅलरी 500 च्या आसपास असतात. निम्म्याहून जास्त ऊर्जा एकट्या चरबीतून येते. किलोमागे 5 ग्रॅम चरबी. तुम्ही साठ किलोचे असाल तर याच हिशोबानं तुम्हाला रोज 300 ग्रॅम तूप खावं लागेल. आपल्याला ते चार दिवस झेपणार नाही, पण बाळाचं शरीर याच खुराकावर चालण्यासाठी घडलेलं आहे. त्याचं पोट लहान, वाढ जोरात, आणि कमी जागेत जास्त ऊर्जा भरायची तर चरबीसारखं दुसरं काही नाही. एक ग्रॅम चरबी 9 कॅलरी देते, एक ग्रॅम साखर किंवा प्रथिन 4.

एवढी चरबी पचते कशी, असं बायका विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. बाळाच्या स्वादुपिंडातून चरबी पचवणारं विकर पहिले काही महिने कमीच येतं, पित्तही पातळ असतं. ही तूट आईचं दूध स्वतःच भरून काढतं. दुधात चरबी फोडणारं एक विकर असतं, ते बाळाच्या आतड्यात पित्ताशी गाठ पडली की कामाला लागतं. म्हणजे चरबी आणि ती पचवायची सोय, दोन्ही एकाच घोटात येतात. दूध उकळलं तर हे विकर मरतं. म्हणून काढून ठेवलेलं अंगावरचं दूध कधी गॅसवर गरम करू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी धरायची, तेवढं पुरतं.

ही चरबी डोळ्यांनी पाहता येते. तुमच्या पत्नीनं कधी दूध काढून स्टीलच्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर चार तासांनी झाकण काढून बघा. वर पिवळसर सायीचा थर आणि खाली निळसर पातळ दूध दिसेल. आमच्याकडे कमी वजनाच्या बाळांसाठी हाच थर मोजतात. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत दूध घेऊन ती नळी मशिनमध्ये फिरवायची आणि वर जमलेल्या सायीची उंची पट्टीवर वाचायची. एकाच आईचं, एकाच पाजण्यातलं सुरुवातीचं आणि शेवटचं दूध शेजारी ठेवलं तर शेवटच्या नळीत साय दुप्पट-तिप्पटही दिसते. स्तन जसा रिकामा होत जातो तशी चरबी वाढते. म्हणून घड्याळ लावून पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे असं करू नये. एक बाजू बाळानं स्वतः सोडेपर्यंत पाजावी, मग दुसरी द्यावी.

आता घरच्यांच्या मुख्य धास्तीकडे येतो. आईच्या रक्तात कोलेस्टेरॉल 262, म्हणून दुधातही जास्त उतरत असेल का? दुधातल्या चरबीचे बारीक थेंब असतात. स्तनातली पेशी थेंब बाहेर सोडताना त्याला स्वतःच्याच आवरणाचा एक तुकडा गुंडाळून देते. दुधातलं बरंचसं कोलेस्टेरॉल या आवरणात बसलेलं असतं. म्हणजे ते थेंबाच्या बांधणीचा भाग आहे. आईनं अंडी खाल्ली, डिंकाचे लाडू खाल्ले, भाकरीवर चमचाभर तूप जास्त घेतलं, म्हणून दुधातलं कोलेस्टेरॉल वाढत नाही. उलट बाळंतिणीचं तूप तोडलं म्हणून कमीही होत नाही. पाजणाऱ्या बायकांना कमी-जास्त कोलेस्टेरॉलचं जेवण देऊन हे तपासलेलं आहे.

आईच्या जेवणाचा परिणाम दुसरीकडे होतो. चरबी किती, यापेक्षा ती कोणत्या जातीची, हे जेवणावर ठरतं. आपल्या मराठवाड्यात घरोघरी करडईचं तेल, निदान पूर्वी तरी होतं. करडईच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-6. ते आईच्या दुधात सरळ उतरतं. जवसाच्या चटणीतलं ओमेगा-3 सुद्धा उतरतं. पण बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला जे लागतं ते डीएचए जवस खाऊन दुधात फारसं वाढत नाही, कारण जवसातल्या ओमेगा-3 चं डीएचए बनवण्याची आपल्या शरीराची ताकद अगदी तोकडी असते. डीएचए माशातून मिळतं, थोडंफार अंड्यातून. जवसाची चटणी जरूर खावी, चांगलीच आहे, पण तिच्यावर ही भिस्त ठेवू नये. घरात अंडी-मासे चालत असतील तर पाजत्या आईला ते बंद करायचं काहीच कारण नाही. कोलेस्टेरॉलच्या भीतीनं बाळंतिणीची अंडी तोडलेली मी बरीच घरं पाहिली आहेत. त्यात नुकसान तिचंही होतं आणि बाळाचंही.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो आमच्याच क्षेत्रातली माणसंही पसरवतात. दुधातलं कोलेस्टेरॉल सरळ मेंदूत जातं आणि मेंदू घडवतं, असं सांगतात. तसं नाही. शरीरातलं जवळपास पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असतं हे खरं. जन्मताना साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा मेंदू वर्षभरात दुपटीहून जास्त होतो, आणि मज्जातंतूंवरच्या आवरणाला कोलेस्टेरॉल भरपूर लागतं, हेही खरं. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूभोवतीची भिंत ओलांडत नाही. मेंदू आपल्याला लागणारं कोलेस्टेरॉल जागेवरच बनवतो. दुधातलं कोलेस्टेरॉल बाकीच्या शरीराच्या कामी येतं. रोज तयार होणाऱ्या कोट्यवधी नव्या पेशींची आवरणं, पित्त आणि काही संप्रेरकं त्यापासून बनतात. ते आयतं मिळालं की यकृताला कमी बनवावं लागतं.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण डब्याच्या दुधाचा आणि पुढच्या आयुष्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. डब्याच्या दुधात गाईच्या दुधाची चरबी बहुतेक काढून पाम, सूर्यफूल, खोबरं अशी वनस्पतींची तेलं घातलेली असतात. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, त्यामुळे त्या दुधात ते नावापुरतंच असतं, 100 मिलीत काही मिलीग्रॅम. शेजारी कुणी म्हणेल, मग तेच बरं की. शरीराला ते तसं वाटत नाही. कोलेस्टेरॉल बाहेरून येईना म्हणून डब्यावरच्या बाळाचं शरीर ते स्वतः बनवायला लागतं. बाळांना जड पाण्याचे खुणेचे अणू देऊन हे मोजलेलं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये कोलेस्टेरॉल बनण्याचा वेग डब्यावरच्या बाळांच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास निघाला. म्हणजे बाहेरचा पुरवठा पाहून आतला कारखाना चालतो किंवा मंदावतो.

तरीही अंगावर पिणाऱ्या बाळाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल डब्यावरच्या बाळापेक्षा जास्तच भरतं. जन्मताना नाळेच्या रक्तात ते जेमतेम 65-70 असतं. मग दूध सुरू झालं की भराभर चढतं. 2002 मध्ये लंडनच्या ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिल्या वर्षात अंगावरच्या बाळांचं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 25 मिलीग्रॅमनं जास्त होतं. शाळेच्या वयात हा फरक पुसला जाऊन शून्यावर आला. आणि मोठेपणी पारडं उलटं झालं, लहानपणी अंगावर प्यालेल्यांचं सरासरी 7 मिलीग्रॅमनं कमी भरलं.

तुमच्या मुलीचं रक्त आत्ता तपासलं तर काय होईल ते यावरून कळेल. आकडा वर आलेला दिसेल, कदाचित लॅबच्या कागदावर लाल अक्षरात, कारण कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची असते. घरात रडारड होईल आणि त्या आकड्याचा अर्थ एवढाच निघेल की मुलगी आईचं दूध पिते. दोन वर्षांच्या आत कोलेस्टेरॉलची तपासणी सहसा करत नाहीत ती यासाठीच.

लहानपणी जास्त मिळालं म्हणून मोठेपणी कमी होतं, ही कल्पना नवी नाही. 1972 मध्ये रेझर यांनी उंदरांवर काम करून मांडलं होतं की दुधातलं कोलेस्टेरॉल मिळालेल्या पिल्लांना मोठेपणी ते नीट हाताळता येतं, जणू शरीराला लवकर वळण लागतं. पुढे बबून माकडांवर प्रयोग झाले, त्यात मात्र गोष्ट उलट निघाली. आईच्या दुधावर वाढलेल्या बबूनांना मोठेपणी चरबीयुक्त खाणं दिलं तेव्हा त्यांच्या धमन्यांत बदल जास्त दिसले. माणसाबद्दल म्हणाल तर बाळांना कोलेस्टेरॉल घातलेलं डब्याचं दूध देऊनही पाहिलं आहे. दूध चालू होतं तोवर आतला कारखाना मंदावला, पण दीड वर्षाच्या वयाला सगळी बाळं सारखी झाली. वळण टिकलेलं दिसलं नाही.

ओवेन यांनीच 2008 मध्ये जास्त काटेकोर हिशोब केला, 17 अभ्यास आणि 17 हजारांवर मोठी माणसं घेऊन. सगळ्यांचा मिळून फरक दीड-दोन मिलीग्रॅमवर आला, म्हणजे जवळजवळ नाहीच. ज्या अभ्यासांत फक्त अंगावरच्या दुधावर वाढलेले लोक होते, तिथं तो 6 मिलीग्रॅमच्या आसपास राहिला. आता हे सगळे अभ्यास मागे वळून पाहणारे आहेत. कुठल्या घरात अंगावर पाजलं आणि कुठल्या घरात बाटली लागली, यामागे शिक्षण, पैसा, आईची तब्येत अशा शंभर गोष्टी असतात. शिवाय त्यातली बरीच माणसं फार जुन्या काळी जन्मलेली, तेव्हाचं बाटलीचं दूध आजच्यासारखं नव्हतं. म्हणून बेलारूसमधल्या कामाला मी जास्त वजन देतो. तिथं 1996-97 मध्ये 31 प्रसूतिगृहांपैकी काही चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथल्या मातांना पाजण्यासाठी विशेष मदत दिली आणि 17 हजार बाळांचा मागोवा ठेवला. मदत मिळालेल्या गटात पाजणं खरोखरच जास्त आणि जास्त दिवस झालं. पण साडेअकराव्या वर्षी रक्तदाब, साखर, इन्सुलिन आणि चांगल्या कोलेस्टेरॉलशी बांधलेलं एक प्रथिन तपासलं, तर दोन गटांत फरक नव्हता.

म्हणून अंगावर पाजल्यानं तुमच्या मुलीचं कोलेस्टेरॉल पन्नाशीत कमी राहील असं वचन मी देणार नाही. पण उलट भीतीलाही भक्कम आधार नाही. लहानपणी आईच्या दुधातून मिळालेल्या कोलेस्टेरॉलमुळे मोठेपणी कोलेस्टेरॉल वाढतं, असं माणसांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं नाही. अंगावर पाजण्याची कारणं वेगळी आणि भक्कम आहेत, जुलाब आणि छातीच्या संसर्गापासून संरक्षण हे त्यातलं आपल्याकडचं सगळ्यात मोठं.

तुपाच्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण चुका खऱ्या इथं होतात.

मागे एका घरातला अकरा महिन्यांचा मुलगा आला होता. आजोबांची अँजिओप्लास्टी झालेली आणि तेव्हापासून घरात सगळ्यांनाच बिनतेलाचं. आई नोकरीवर, त्यामुळे अंगावरचं फक्त रात्री. दिवसा डबल टोन्ड दूध, त्यात पचायला जड नको म्हणून निम्मं पाणी, आणि दोन वेळा वरणाचं वरचं पाणी. सात महिन्यांचा असताना वजन 7 किलो 400, अकराव्या महिन्यात 7 किलो 500. चार महिन्यांत शंभर ग्रॅम. आईनं सांगितलं, दिवसभर किरकिर करतो, सारखा खायला मागतो, पोट टम्म असतं, तरी अंगाला काही लागत नाही. आजी म्हणाल्या, वाटीच्या वाटी पितो की हो. पीत होता, खरंच. मी कागदावर मांडून दाखवलं. डबल टोन्ड दुधात चरबी दीड टक्का, निम्मं पाणी घातल्यावर पाऊण टक्का. आईच्या दुधातली चार टक्के. वाटीभर वरणाच्या पाण्यात वीसेक कॅलरी. या वयात अंगावरच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून 300 कॅलरी यायला हव्यात, आणि या मुलाला तर दिवसाचं पाजणंही नव्हतं, म्हणजे त्याला त्याहून जास्त लागत होत्या. पोट पाण्यानं भरत होतं.

औषध काही दिलं नाही, रक्त कमी होतं म्हणून लोह तेवढं दिलं. दुधातलं पाणी बंद केलं, दूध साधं पूर्ण मलईचं घ्यायला सांगितलं आणि तेही कमी करून जेवण वाढवायला सांगितलं. वरणाचं पाणी बंद, घट्ट वरण आणि मऊ भात कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट. प्रत्येक वाटीत एक चहाचा चमचा तूप किंवा शेंगदाण्याचं तेल. शिवाय रोज अर्धं-एक अंडं किंवा शेंगदाण्याचं कूट भातात कालवून. दीड महिन्यानं वजन 8 किलो 200 भरलं. किरकिर पहिल्या आठवड्यातच थांबली होती.

तुमच्या मुलीसाठी हेच. सहा महिने पूर्ण झाले की अंगावरचं चालू ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा वरचं खाणं. सहा ते आठ महिन्यांत त्यातून साधारण 200 कॅलरी याव्यात. सुरुवातीला ती दोन-तीन चमचेच खाईल, हळूहळू अर्धी वाटी. एक चहाचा चमचा तूप म्हणजे 5 ग्रॅम, 45 कॅलरी. अर्ध्या वाटी वरणभाताच्या ऊर्जेत त्यानं जवळपास निम्म्याची भर पडते, आणि वाटी मात्र तेवढीच राहते. तुमच्या आईचं बरोबर आहे. मी फक्त एवढं म्हणेन की रोज तूपच हवं असं नाही. एक वेळ तूप, एक वेळ शेंगदाण्याचं किंवा घरात असेल ते तेल. आजोबांच्या अटॅकचा इतिहास असलेल्या घरात हे मी मुद्दाम सांगतो, आणि त्याला आधार आहे.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात 1990 मध्ये 1062 बाळांवर एक काम सुरू झालं. सात महिन्यांच्या वयापासून अर्ध्या कुटुंबांना शिकवलं की तूप-लोण्यातली, म्हणजे गोठणारी चरबी कमी ठेवा. एक वर्षानंतर मुलांना साय काढलेलं दूध दिलं. पण, आणि हे आपले लोक नेहमी विसरतात, तेवढी चरबी भरून काढायला दोन वर्षांपर्यंत रोज दोन-तीन चमचे वनस्पती तेल जेवणात घालायला सांगितलं होतं. चरबीचं प्रमाण कमी करायचं नव्हतं, जात बदलायची होती. आहारतज्ज्ञ ठरावीक महिन्यांनी घरच्यांना भेटत होते. ही मुलं वीस वर्षांची होईपर्यंत पाहिली. उंची, वजन, बुद्धी यांत काही उणं नव्हतं आणि वाईट कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा थोडं कमी राहिलं. सायीशिवायचं दूध द्या आणि तेलही तोडा, असा अर्थ यातून कुणी काढला तर तो त्या अकरा महिन्यांच्या मुलासारखी बाळं तयार करतो.

एक वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य खाणं म्हणून नको, पातळ करून तर नकोच. दोन वर्षांपर्यंत तेल-तूप मोजत बसू नका, वजनाचा आलेख पाहा. दोन वर्षांनंतर ती घरातलं जेवण जेवायला लागेल, तेव्हा चमचा हळूहळू कमी होत जाईल.

आता तुमच्या पत्नीचा रिपोर्ट. एकूण कोलेस्टेरॉल 262, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी 190, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 54. यातून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काढायचं तर ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग 38, तो आणि 54 हे 262 मधून वजा केले की 170 राहतात. गर्भारपणात प्रत्येक बाईचं कोलेस्टेरॉल चढतं आणि ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात. बाळंतपणानंतर ट्रायग्लिसराइड लवकर उतरतात, पाजणाऱ्या बायकांत आणखी लवकर. एलडीएल मात्र सावकाश उतरतं. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी काढलेल्या रक्तावरून तिला कोलेस्टेरॉलचा आजार आहे असं म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाली की तपासणी पुन्हा करा. त्याच वेळी थायरॉइडही तपासा, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे आणि त्यानं एलडीएल वाढतं. तोवर गोळी नको. पाजत असताना कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या सहसा देत नाहीत आणि तिच्या वयात काही महिने थांबल्यानं बिघडत नाही. पुढच्या तपासणीत एलडीएल 130 च्या आत आलं तर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पाहू. 190 च्या वर राहिलं, किंवा 160 च्या वर अडकून बसलं, तर वडिलांचा 46 व्या वर्षीचा अटॅक लक्षात घेता मी घराण्यातून येणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या आजाराचा विचार करेन. तो अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. टाचेच्या मागची शीर दोन्ही बोटांच्या चिमटीत धरून पाहा, जाड आणि गाठाळ लागते का, आणि पापण्यांच्या कडेला पिवळसर चट्टे आहेत का तेही बघा. नसले म्हणून आजार नाही असं होत नाही, पण शीर जाड आणि गाठाळ लागली तर तपासणीची वाट पाहायची गरज उरत नाही.

हा आजार आईला असेल तर मुलीत येण्याची शक्यता निम्मी. तो येतो तो जनुकातून, गर्भ राहिला त्याच दिवशी ठरलेला. अंगावर पाजल्यानं येत नाही आणि डब्याचं दूध दिल्यानं टळत नाही. आईत तो नक्की झाला तर मुलीची तपासणी दोन वर्षं पूर्ण झाल्यावर करू. नाही झाला तरी आजोबांचा अटॅक 55 च्या आतला असल्यामुळे शाळेत जायच्या आधी एकदा करू. मुलांमध्ये एलडीएल 110 च्या आत चांगलं आणि 130 च्या वर जास्त धरतात. तिचा रिपोर्ट आला की लॅबच्या छापील मर्यादेवर जाऊ नका, मला दाखवा. खरोखर जास्त असेल तरी गोळीचा विचार आठ-दहा वर्षांच्या वयाला येतो, त्याआधी जेवण आणि खेळ.

तुमच्या प्रश्नात मेहुण्याचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आहे. त्याचं रक्त या आठवड्यात तपासा. वडिलांना 46 व्या वर्षी झालं, तो आज 31 चा, आणि पुरुषांमध्ये हा आजार बायकांच्या दहा-एक वर्षं आधी धमनी गाठतो. बाळंतपणामुळे त्याचा आकडा चढलेला नसणार, म्हणून तुमच्या घरातला पहिला खरा रिपोर्ट त्याचाच असेल. उपाशीपोटी असायलाच हवं असंही नाही, शेतावर जाताना वाटेत लॅबमध्ये रक्त दिलं तरी चालेल. तंबाखू खात असेल किंवा विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही मला कळवा. त्याचं एलडीएल आणि तुमच्या पत्नीचं सहाव्या महिन्यातलं एलडीएल, हे दोन कागद शेजारी ठेवले की मुलीची तपासणी ती दोन वर्षांची झाल्यावर करायची की चार वर्षांची, ते आपल्याला ठरवता येईल.